वन्संचा माउस

माझ्या नणंदबाईंना राग येत नाही, असं लोकांना वाटतं. आवाज चढत नाही, भांडी आदळत नाहीत, डोळ्यांत पाणी येत नाही. मी त्यांच्या घरात सून म्हणून आले तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. मग हळूहळू कळलं, की वन्सं राग घडी घालून कपाटात ठेवतात आणि मधूनमधून त्याला ऊन दाखवतात, म्हणजे कसर लागत नाही. एका शिंप्याने त्यांच्या तरुणपणी एक बाही तोकडी शिवली होती. तो म्हातारा झाला, त्याचं दुकान त्याच्या मुलाने घेतलं, तरी वन्सं त्या दुकानासमोरून जाताना रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूला जातात. मी म्हटलं, "वन्सं, आता तर मुलगा शिवतो." तर म्हणाल्या, "हात बापाचाच."

लग्न त्यांनी केलं नाही. का केलं नाही ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. आमच्याबरोबर राहतात, पगारातला वाटा माझ्या हातात देतात, आणि पोरांना गणित शिकवतात. आम्ही दोघी एकाच ऑफिसात. मी टपाल आणि फायली सांभाळते, त्या नकाशे काढतात.

नकाशे काढतात म्हणजे काय, ते सांगते. जुने कागदी नकाशे आमच्या ऑफिसात येतात, पिवळे पडलेले, घडीवर फाटलेले. तळमजल्यावरच्या स्कॅनिंगच्या खोलीत त्यांचे फोटो निघतात. मग वरच्या मजल्यावर बसलेले लोक तो फोटो कॉम्प्युटरवर उघडतात आणि जमिनीच्या हद्दीच्या प्रत्येक रेषेवरून माउसने नवी रेषा ओढतात. कोपरा आला की क्लिक, पुढचा कोपरा आला की क्लिक. नवी रेषा जुनीच्या अंगावर बसली पाहिजे. जरा बाहेर गेली, तर कागदावर कुणाची तरी जमीन शेजाऱ्याच्या घशात जाते. तपासणीवाले नवी रेषा जुनीवर ठेवून बघतात, आणि जास्त चुका निघाल्या तर तो नकाशा परत येतो.

वन्संचे नकाशे परत येत नसत. पूर्वी त्या कागदावर शाईने काढायच्या, नंतर माउसने. त्यांचं एकच म्हणणं असायचं, "हाताला एकदा कळलं की डोळ्याने नुसती सोबत करायची." खिडकीशेजारचं टेबल त्यांचं होतं आणि ते त्यांचंच राहणार, असं सगळे धरून चालले होते.

गोडबोले हे आमच्या सुपरवायझरचं आडनाव नाही. त्याचं आडनाव वेगळंच आहे. पण तो ज्याच्याशी बोलेल त्याच्या तोंडात साखर घालतो, म्हणून सगळं ऑफिस त्याला मागून गोडबोले म्हणतं. शिक्षण वन्संच्याइतकंच. कामाला लागला तेव्हा त्याला वन्संच्या शेजारी बसवलं होतं आणि त्याने सगळं त्यांच्याकडूनच उचललं. "बाई, तुम्ही माझ्या गुरू," असं तो चहाच्या वेळी सगळ्यांसमोर म्हणायचा. मग सुपरवायझरची जागा निघाली. मालकांनी दोघांचाही विचार केला. आणि गोडबोले मालकांच्या खोलीत जाऊन, दार अर्धं उघडं असताना, हळहळून म्हणाला, "बाईंसारखा हात नव्हता हो कुणाचा. पण वय. हल्ली थरथरतो. मला सांगतानासुद्धा वाईट वाटतंय."

मी त्या दाराशी टपाल घेऊन उभी होते. घरी येऊन वन्संना सांगितलं. सांगावं की नाही हा प्रश्न मला पडला होता, पण सांगितलं. वन्सं कणीक मळत होत्या. त्यांनी मळणं थांबवलं नाही. म्हणाल्या, "थरथरतो म्हणाला?"

"हो."

"बरं."

एवढंच. त्या 'बरं'वरून मला समजलं की कपाटात एक नवी घडी गेली.

त्यानंतर काही महिन्यांनी ऑफिसात नवे मॉनिटर आले. मोठे, चकचकीत. जुन्या पडद्यावर जेवढे ठिपके आडवे-उभे असत, त्याच्या दुप्पट या पडद्यावर आडवे आणि दुप्पट उभे. नकाशा असा दिसायला लागला, की कागदाचा तंतूसुद्धा मोजावा. सगळे खूश. मालकांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं, "आता चूक लपणार नाही. महिनाअखेर बघतो, ज्याचे नकाशे परत येतील तो खाली स्कॅनिंगला जाईल. मग कुणीही असो." स्कॅनिंगला जाणं म्हणजे दिवसभर उभं राहून, धुळीत, जड गठ्ठे उचलणं. वन्संच्या गुडघ्यांना ते झेपलं नसतं, आणि त्यांच्या मानाला तर मुळीच नाही.

पहिल्याच दिवशी वन्संची पंचाईत झाली. माउस जुनाच होता. पडद्यावरचा बाण मुंगीसारखा चालायचा. माउस पार टेबलाच्या कडेपर्यंत न्यायचा, उचलायचा, परत मागे आणायचा, पुन्हा न्यायचा, तेव्हा कुठे बाण पडद्याच्या दुसऱ्या टोकाला पोचायचा. दुपारपर्यंत त्यांचं मनगट भरून आलं.

गोडबोले लगेच आला. "बाई, मला हाक नाही मारायची? सरका." त्याने सेटिंग उघडलं, पॉइंटर स्पीड नावाची जी पट्टी असते तिच्यावरचा ठोकळा ओढत पार उजवीकडे नेला, आणि खालच्या एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन नावाच्या चौकोनात खूण केली. "याचा अर्थच अचूकता. बघा आता कसा पळतो!"

पळाला खरा. पण पळाला असा, की थांबवता येईना. कोपऱ्यावर न्यावा तर कोपरा ओलांडून पुढे. मागे आणावा तर अलीकडेच अडकून बसायचा. सावकाश नेला तर एक चाल, जरा घाईने नेला तर निराळीच. वन्संची रेषा, जी कधी कुणी दोऱ्यासारखी सरळ म्हणून दाखवायला न्यायचं, ती करवतीच्या दातांसारखी दिसायला लागली. त्या आठवड्यात त्यांचा एक नकाशा परत आला. मग दुसरा आला.

गोडबोले दोन्ही वेळा स्वतः घेऊन आला. दोन्ही वेळा कागद टेबलावर ठेवताना त्याने आवाज खाली घेतला, पण एवढाच, की शेजारच्या टेबलापर्यंत जावा. "टेन्शन घेऊ नका बाई. वयाला कुणाचा इलाज आहे?"

मला जे सांगायचं ते इथे आहे. वन्संना त्याच्यावर संशय आला नाही. स्वतःवर आला. घरी जेवताना त्या पाण्याचा पेला उचलायच्या आणि पाण्याकडे बघत राहायच्या, हलतंय का म्हणून. चहा सोडला. धाकट्याला गणित शिकवताना वर्तुळ काढायला घेतलं आणि अर्ध्यात कंपास त्याच्या हातात दिला. एकदा संध्याकाळी मी प्रार्थनेला बसले होते तर त्या मागे येऊन उभ्या राहिल्या. त्या सहसा देवापुढे बसत नाहीत, देव आपल्या जागी आणि मी माझ्या, असं म्हणतात. त्यांनी दोन्ही हात पुढे पसरले. मला वाटलं, काही मागताहेत. त्या बोटं बघत होत्या.

"अगं, दिसतंय का तुला काही?" त्यांनी विचारलं.

"काही नाही वन्सं. स्थिर आहेत."

"तू मला बरं वाटावं म्हणून म्हणशील."

मी त्या दिवशी देवाला वन्संचा हात मागितला. दुसरं काही मागायला सुचलंच नाही.

मग प्रिंटर बिघडला. तो नेहमीच बिघडतो, पण त्या वेळी मला तो देवानेच बिघडवला असं वाटलं, आणि अजून वाटतं. दुरुस्तीला कंपनीकडून एक बाई येते. तिशीची असेल, केस आखूड, पाठीला मोठी पिशवी, आणि तोंडाने सतत कुणाला तरी शिव्या, बहुतेक प्रिंटरलाच. आम्ही तिला मशीनवाली म्हणतो. तिचं काम आटपल्यावर वन्संनी तिला हळूच जवळ बोलावलं. गोडबोले जेवायला गेला होता.

"जरा एक विचारू? माणसाचा हात बिघडला, तर कॉम्प्युटरवर कळतं का?"

मशीनवाली हसायला लागली. मग वन्संचा चेहरा बघून थांबली. "कॉम्प्युटर बिघडला तर हातावर कळतं, आजी. दाखवा."

"आजी नाही. बाई म्हण."

"बरं, बाई. दाखवा."

तिने थोडा वेळ वन्संना रेषा ओढायला लावली आणि नुसती बघत राहिली. मग माझ्या टेबलावरची फूटपट्टी मागून घेतली आणि माउसच्या शेजारी टेबलावर ठेवली. "आता बाण डाव्या कडेला ठेवा. माउस फूटपट्टीच्या कडेने पुढे न्या, बोटभर, अगदी सावकाश. कुठे पोचला बघा. आता परत डाव्या कडेला, आणि तेवढंच अंतर, पण झटक्यात."

सावकाश नेला तेव्हा बाण पडद्याच्या थोडासाच आत गेला. झटक्यात नेला तेव्हा पार उजवीकडे जाऊन आदळला. हात तेवढाच हलला होता. फूटपट्टी समोर होती.

"ही खूण," मशीनवाली त्या चौकोनावर बोट ठेवून म्हणाली, "ही तुमच्या हाताचा वेग बघते आणि त्यावरून बाण किती न्यायचा ते ठरवते. नावात प्रिसिजन आहे, पण तुमच्यासारख्या, ज्यांच्या हाताला अंतर पाठ असतं, त्यांना ती वेड लावते. तिला काढा." तिने खूण काढली. "आणि ही पट्टी कुणी नेली इतकी शेवटाला? बरोबर मधे असली की माउस एक पाऊल म्हणाला की बाण एकच ठिपका सरकतो. इथे शेवटाला माउस एक म्हणतो आणि बाण तीन-चार टाकतो, मधले ठिपके गाळून. तुमची रेषा त्या गाळलेल्या ठिपक्यावर असेल तर देव आला तरी तिच्यावर बाण बसायचा नाही."

"म्हणजे हात..." वन्संचं वाक्य पुरं झालं नाही.

"हाताला काय धाड भरलीये? माझ्यापेक्षा स्थिर आहे."

पट्टी मधे आणली, तर बाण पुन्हा मुंगी. मशीनवालीने पिशवीत हात घालून एक काळा माउस काढला, जरा वापरलेला, चाकाच्या मागे छोटं बटण असलेला. "पडद्याचे ठिपके दुप्पट झाले ना, मग वेग माउसकडूनच घ्यायचा, कॉम्प्युटरला ताणून नाही. तुमचा जुना आठशे डीपीआयचा आहे, म्हणजे इंचभर सरकवला की आठशे पावलं मोजतो. त्याला बदलायची सोय नाही. याला आहे. हे बटण दाबलं की आठशे, बाराशे, सोळाशे, चोवीसशे, आणि परत आठशे. दिवा किती वेळा लुकलुकतो ते बघायचं. तुम्ही ठरवा. मी सांगून उपयोग नाही, मनगट तुमचं आहे."

वन्संनी ठरवलं, आणि कसं ठरवलं ते बघण्यासारखं होतं. प्रत्येक पायरीवर दोन गोष्टी करून पाहिल्या. आधी बाण या कडेपासून त्या कडेपर्यंत, माउस न उचलता. मग एका बारीक कोपऱ्यावर नेऊन क्लिक. आठशेला मनगट दुखलं. बाराशेला माउस अजून उचलावा लागला. चोवीसशेला हात फारसा हलवावाच लागला नाही, पण कोपऱ्यावर थांबताना श्वास धरावा लागला. सोळाशेला त्यांनी दोन्ही केलं, मग पुन्हा केलं, मग डोळे क्षणभर मिटून उघडले आणि बाण कोपऱ्यावर होता.

"जुन्या पडद्यावर असाच होता," त्या म्हणाल्या. "अगदी असाच."

"असणारच. ठिपके दुप्पट, पावलंही दुप्पट." मशीनवालीने अक्षरंही जरा मोठी करून दिली. "हे निराळं, याचा बाणाच्या चालीशी संबंध नाही, नुसते डोळे वाचतील." जाता जाता माझ्या कॉम्प्युटरकडे वळली. माझ्याकडे ती प्रिसिजनची खूण होती. मी घाबरून म्हटलं, "माझीही काढायची का?" तर म्हणाली, "तुमच्या टेबलावर फायलींमुळे माउसला वीतभरसुद्धा जागा नाही, आणि तुम्हाला कुठे कोपरे गाठायचेत? राहू दे. माझ्या आईलाही मी ठेवून दिलीये." म्हणून माझी अजून आहे.

माउसचे पैसे द्यायला वन्संनी पर्स उघडली तर मशीनवाली म्हणाली, "चालू द्या. एक लक्षात ठेवा फक्त. डीपीआय माउसच्या पोटात राहतो. माउस कुठेही न्या, तो बरोबर जातो. पट्टी आणि खूण कॉम्प्युटरमध्ये, तुमच्या नावाच्या लॉगिनमध्ये राहते. दोन्ही जुळलं तरच जमतं." आणि प्रिंटरला एक शेवटची शिवी घालून ती गेली.

त्या संध्याकाळी वन्संनी चहा मागितला. दोन वेळा. मला वाटलं, संपलं एकदाचं. मी मनातल्या मनात देवाचे आभारही मानून टाकले.

पण तीन-चार दिवसांनी जेवणाच्या सुट्टीनंतर वन्संनी बाण हलवला आणि तो उडाला. पट्टी पुन्हा शेवटाला. चौकोनात पुन्हा खूण. वन्संनी दोन्ही ठीक केलं. दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन मुद्दाम फायलींच्या कपाटामागे बसले. गोडबोले आला, आजूबाजूला पाहिलं, वन्संच्या खुर्चीत बसला. सुपरवायझर म्हणून सगळ्यांचे पासवर्ड त्याच्याकडे असतात. त्याचं काम होऊन तो उठला आणि जाताना खुर्ची होती तशी, जराशी तिरकी ठेवून गेला.

मी वन्संना सांगितलं. "म्हणजे पहिल्यांदाही," त्या म्हणाल्या, "मदत नव्हती."

"कदाचित पहिल्यांदा असेल. नंतर त्याच्या लक्षात आलं असेल की याने काय होतं."

"तू फार चांगली आहेस ग." हे त्यांनी ज्या आवाजात म्हटलं तो आवाज स्तुतीचा नव्हता.

"मालकांना सांगूया. मी पाहिलंय."

"नाही." त्या रुमालाने तो काळा माउस पुसत होत्या, बाळाचं तोंड पुसावं तसा. "मालकांना सांगितलं तर मालक त्याला रागावतील. तो माफी मागेल. त्याला माफी फार छान मागता येते. मग सगळे म्हणतील, बाई, सोडून द्या. मला सोडायचं नाहीये. मी रोज घरी पेल्यातलं पाणी बघत होते. त्यालाही एकदा बघू दे."

त्यानंतर वन्सं रोज सुट्टीनंतर पट्टी मधे आणायच्या, खूण काढायच्या आणि कामाला लागायच्या. एकही नकाशा परत आला नाही. गोडबोले चक्रावला. तो येता-जाता वन्संच्या हाताकडे बघायचा, आणि मग त्याची नजर त्या काळ्या माउसवर थांबायला लागली. सगळं ऑफिस जुने पांढरे माउस वापरत होतं, हा एकच काळा.

"बाई, हा नवीन?"

"हो. याच्यामुळे फार फरक पडला बघा," वन्सं म्हणाल्या. "सगळी जादू याचीच."

मी फाईल बंद करता करता थबकले. वन्सं खोटं बोलत नाहीत. त्या दिवशीही शब्दाने पूर्ण खोटं बोलल्या नाहीत.

महिनाअखेरीच्या आधी मोठं गिऱ्हाईक यायचं होतं. एका मोठ्या खात्याचे लोक, सगळ्या जुन्या नकाशांचं काम द्यायचं की नाही ते ठरवायला. मालकांनी ठरवलं की गोडबोलेने स्वतःच्या टेबलावर, त्या सगळ्यांत मोठ्या मॉनिटरवर, पाहुण्यांचाच एक नकाशा त्यांच्यासमोर काढून दाखवायचा. गोडबोलेचा स्वतःचा माउस जुना पांढराच, आणि त्याच्या कॉम्प्युटरवर पट्टी शेवटाला, खूण केलेली. त्याला तीच सवय होती. तो हल्ली नकाशे काढतच नव्हता, दुसऱ्यांचे परत पाठवत होता. पत्रं टाइप करायला चालून जायचं.

सकाळीच तो आला. "बाई, आजच्यापुरता तो काळा माउस मला लागेल."

"घ्या की," वन्सं म्हणाल्या. "पण हा नकाशा अर्ध्यावर आहे. पाहुणे आले की लगेच घ्या. मी स्वतः आणून देते, तुम्ही कशाला उठता?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. आता मला कळलं होतं. सकाळी दिला असता तर त्याने हलवून पाहिला असता, गडबड कळली असती, सवय करून घेतली असती. पाहुणे दारात असताना दिला की झालं. पावलं दुप्पट मोजणारा माउस, आणि त्या प्रत्येक पावलाला आणखी ताणणारी त्याची पट्टी.

जिन्यावर पाहुण्यांचे बूट वाजले तेव्हा मी हळूच म्हटलं, "वन्सं, नका देऊ. मालकांचं काम जाईल. सगळ्यांचंच नुकसान आहे."

"काम नाही जाणार," त्या म्हणाल्या आणि माउसची वायर काढली. "मी आहे ना."

त्यांनी तो दोन्ही हातांनी गोडबोलेला दिला. तो म्हणाला, "बाई, तुमचे उपकार." वन्सं म्हणाल्या, "कसचे उपकार!" आणि तिथेच, पाहुण्यांच्या मागे, भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

गोडबोले छान बोलला. बोलणं हे त्याचंच काम. मग माउसवर हात ठेवला. बाण पडद्यावरून असा गेला की एका पाहुण्याने मान मागे घेतली. गोडबोले हसला, "नवीन आहे, जरा चपळ आहे." पहिला कोपरा चुकला. परत आणला, परत चुकला. त्याने माउस घट्ट धरला, आणि घट्ट धरलेला हात आणखी झटके देतो. रेषा पलीकडच्या शेतात घुसली, तिथून नदीत गेली. त्याची नजर चाकामागच्या बटणावर पडली आणि त्याने ते दाबलं. मी श्वास रोखला, कारण आणखी एकदा दाबलं असतं तर माउस परत आठशेवर आला असता आणि तो सुटला असता. पण पहिल्या दाबण्यानेच सोळाशेचे चोवीसशे झाले, बाण आणखी बेफाम झाला, आणि घाबरून त्याने बटणाला पुन्हा हात लावला नाही. त्याच्या कपाळावर घाम आला. आणि मग खरोखरच त्याचा हात कापायला लागला, सगळ्यांना दिसेल असा.

मालक त्या हाताकडे बघत होते. "बरं नाही का तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

वन्सं पुढे झाल्या. "साहेब, यांना विश्रांती द्या. माझ्या टेबलावर या, तिथे दाखवते." त्यांनी गोडबोलेच्या हातातून माउस काढून घेतला, आपल्या कॉम्प्युटरला जोडला, बटण तीनदा दाबलं, आणि एका नजरेने पट्टी मधे आहे ना ते पाहिलं. मग तो नकाशा काढला. एकदाही न थांबता. पाहुणे जवळ सरकत सरकत त्यांच्या खांद्यापर्यंत आले. ज्या शेताची हद्द गोडबोलेने नदीत नेली होती, ती वन्संनी काठावर आणून ठेवली.

काम मिळालं. मालकांनी वन्संना आपल्या खोलीत बोलावलं, दार अर्धं उघडं होतं, आणि मी टपाल घेऊन पुन्हा बाहेरच होते.

"त्याच्या कॉम्प्युटरचं काही बिघडलं होतं का हो?" मालकांनी विचारलं.

एक वाक्य पुरलं असतं. पट्टी शेवटाला आहे साहेब, बस. मी मनात म्हटलं, देवा, आता तरी.

"मी त्यांच्या मशीनला कधी हात लावत नाही," वन्सं म्हणाल्या. "मला दुसऱ्याच्या खुर्चीत बसायची सवय नाही."

महिनाअखेरीला सुपरवायझरची जागा वन्संना मिळाली आणि गोडबोलेला खाली पाठवलं. हात बरा होईपर्यंत, असं मालक म्हणाले.

घरी मी आठवडाभर वन्संशी नीट बोलले नाही. कामापुरतं बोलले. त्यांनाही ते कळत होतं. एकदा नुसतं म्हणाल्या, "तू माझ्यासाठी देवाकडे हात मागितला होतास ना? मिळाला. आता तो मी कसा वापरला म्हणून देवाने रागवायचं ते मला रागवू दे. तू नको."

मग एके दुपारी मी काही कागद घेऊन तळमजल्यावर गेले. गोडबोले गठ्ठे रचून ठेवून एका कोपऱ्यात स्टुलावर बसला होता. त्याला मी दिसले नाही. त्याने उजवा हात पुढे धरला होता आणि बोटांकडे बघत होता.

मी वर आले. वन्संना तेवढंच सांगितलं, जे पाहिलं ते. दुसरं एक अक्षर नाही. त्यांच्या हातातला बाण एका कोपऱ्यावर थांबला होता, तो तसाच थांबला.

"बोलव त्याला," त्या म्हणाल्या.

गोडबोले आला. अंगावर धूळ, कपाळावर एक जुनी घडी चिकटल्यासारखी रेघ. त्याच्या तोंडात त्या दिवशी साखर नव्हती. "काय बाई?"

"बसा." वन्सं उठल्या आणि आपली खुर्ची त्याला दिली. "हा कोपरा घ्या. मग तो."

"मला नाही जमायचं. तुम्ही पाहिलंत ना."

"घ्या म्हणते ना."

त्याने माउस धरला, विस्तवाला हात लावावा तसा. बाण हलला, कोपऱ्यावर गेला आणि थांबला. क्लिक. पुढचा. क्लिक. त्याने मान वर करून वन्संकडे पाहिलं, मग पुन्हा पडद्याकडे. आणखी दोन कोपरे घेतले, न सांगता. खांदे खाली आले. रेषा दोऱ्यासारखी गेली होती. त्याला काम येत होतं, शेवटी शिकवलं वन्संनीच होतं.

"तुमच्या हाताला काही झालेलं नाही," वन्सं म्हणाल्या. "पट्टी शेवटाला होती, खूण केलेली होती, आणि वर हा माउस. तुमच्याच मशीनवर. माझ्या मशीनवर तुम्ही जे रोज करत होतात, तेच." त्या एवढ्या शांतपणे बोलत होत्या, की शेजारच्या टेबलाला ऐकू गेलं नसेल. "मला माहीत होतं. मी दिला तेव्हाही माहीत होतं."

गोडबोलेचा चेहरा पांढरा झाला. मग लाल. तोंड उघडलं, आणि मला वाटलं आता तो किंचाळेल, किंवा माफी मागेल. त्यातलं काहीच झालं नाही. तो आपल्या हाताकडे बघत म्हणाला, "मी डॉक्टरकडे जाऊन आलो, बाई. बायकोला सांगितलं नाही अजून."

"मीही कुणाला सांगितलं नव्हतं."

तो म्हणाला, "मालकांना सांगाल?"

"नाही."

"मग हे मला कशाला दाखवलंत?"

"रात्री झोप लागावी म्हणून. ती भीती मी ओळखते, आणि ती मीच तुम्हाला दिली होती. तेवढी परत घेतली. बाकीचं तुमचं तुम्ही कमावलंय." वन्संनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. "आता उठा. माझा नकाशा अर्धा राहिलाय."

तो उठला. जिन्यापर्यंत गेला, वळला, आणि मग खाली उतरला. वन्सं बसल्या. त्यांनी त्याचे चारही कोपरे मोठे करून एकेक तपासले, फार वेळ लावून, आणि एकही पुसला नाही. मग पाचव्यापासून पुढे सुरू केलं.